कुंपणापलीकडचा बोअर

पाण्यावरून मी आयुष्यात पुष्कळ भांडले. नळावर भांडले, टाकीवर भांडले, शाळेतल्या मुलांच्या माठावरून मुख्याध्यापकांशी भांडले आणि माठ बदलून घेतला. पण ज्या एका भांडणात माझी बाजू सोळा आणे खरी होती, ते करायचं कोणाशी हेच मला कळलं नाही. ज्याच्याकडे जावं तो मान डोलवायचा, "खरं आहे बाई" म्हणायचा आणि चहा मागवायचा. माणसानं निदान खोटं तरी बोलावं, म्हणजे दोन शब्द सुनावता तरी येतात!

सिल्वासाला मी नोकरीसाठी आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं कुठे सुरू झालं होतं. मी डहाणूकडची. इथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि आमच्या ह्यांनी इथल्याच वीज खात्यात नोकरी धरली. मसाटच्या रस्त्याला एका ओळीत बांधलेली आठ खोल्यांची चाळ होती, तिच्यात आम्ही राहायला आलो. चाळीच्या मागे भातशेत, शेताच्या कडेला करवंदीचं कुंपण, आणि अंगणात दगडानं बांधलेली विहीर. चाळमालक इथलाच गुजराती बोलणारा शेतकरी. त्याच्या बापानं भातासाठी खणलेली ती विहीर, पुढे चाळ झाली तशी चाळीची झाली. वैशाखात पाणी खाली जायचं, दोर सोडताना हात दुखायचे, पण बादली कधी रिकामी वर आली नाही.

शेजारच्या दोन खोल्यांत मावशींची खानावळ होती. मावशी धुळ्याकडच्या. नवरा खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात होता, तिथे मशिनीत त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. गावी परत जाऊन करणार काय? मग मावशींनी चूल मोठी केली. मसाटचे कारखाने तेव्हा धडाधड उभे राहत होते आणि धुळे-जळगावकडची एकटी माणसं खोल्या करून राहत होती. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात, तसं झालं. आधी पाच-सहा, मग पंगती बसायला लागल्या. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत, रविवारी मटण. काका, म्हणजे मावशींचे यजमान, डाव्या हातानं भाजी चिरायला शिकले होते. वांगी ते इतकी झकास चिरायचे की मी दोन हात असून लाजायची.

खानावळीचा जीव पाण्यात असतो, हे मला तिथे राहून कळलं. जेवणाऱ्याला भाकरी दिसते. तांदूळ धुणं, डाळ धुणं, भांडी, हात धुवायची बादली, प्यायचे हंडे, संध्याकाळी अंगण सारवणं, हे सगळं मावशी दोराला धरून ओढायच्या. त्यांच्या तळहातांवर दोराचे घट्टे पडले होते. "बाई, तुमचा खडू, मना दोर," म्हणायच्या. त्यांचं घर त्या दोरावर चाललं होतं. मुलगी लग्नाला आली होती, मुलगा गावी मामाकडे शिकत होता.

मग नव्वद साल उलटल्यावर चाळमालकानं मागचं भातशेत विकलं. सूत रंगवायचा कारखाना येणार होता. आम्ही खूश! खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त खूश मावशी. कारखाना म्हणजे कामगार, कामगार म्हणजे ताटं.

दिवाळीनंतर बोअरची गाडी आली. भलं मोठं धूड, वर शिडीसारखा मनोरा, मागे कंप्रेसर. बरोबरची माणसं तमिळ, एकाला मोडकं हिंदी यायचं. जागा दाखवायला पाणाड्याही आला होता, हातावर नारळ धरून कुंपणाकडेनं फिरत होता. नारळ उभा राहिला तो नेमका आमच्या विहिरीच्या समोर, कुंपणाच्या पलीकडे. इकडून हाक मारली तर ओ देता यावी एवढ्या अंतरावर. मी ह्यांना म्हटलंही, "अहो, विहिरीजवळच पाणी दाखवतोय, यात कसली विद्या? मीसुद्धा दाखवलं असतं."

आमच्याकडे कोणी पाणी काढत असेल तर ते सगळ्यांचंच शुभकार्य. कोणाच्या जमिनीत का असेना, लोक जमतात, नारळ फुटतो, ज्या घरचं पाणी गोड त्या घरच्या बाईच्या हातानं जमिनीला हळदकुंकू वाहतात. चाळमालकानं मावशींना बोलावलं. मावशी नवं लुगडं नेसून गेल्या, कळशीत आपल्या विहिरीचं पाणी नेलं, जमिनीवर शिंपडलं, हात जोडले. गाडीवाल्यांना धूळ बसवायला पाणी हवं होतं, तेही आमच्याच विहिरीतून पिंपं भरून दिलं. त्या तमिळ माणसांना दोन दिवस जेवायला घातलं. भाकरी त्यांना जाईना, तर मावशींनी त्यांच्यासाठी भात वेगळा टाकला.

आणि विचारलं मात्र कोणी काही नाही. किती खोल जाणार, पाइप किती फुटांपर्यंत घालणार, मोटर केवढी, रोज किती उपसणार, हे विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. ज्याची जमीन त्याचं पाणी. बोलणार कोण?

पाणी लागलं तेव्हा पांढरा फवारा मनोऱ्याएवढा उडाला. सगळे ओरडले, पोरंटोरं भिजली. "तीन इंची पाणी!" गाडीवाला बोटं दाखवून सांगत होता. मावशींनी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं. "गोड शे वं बाई," मला म्हणाल्या, "आपल्या विहिरीसारखंच."

कारखाना सुरू झाला आणि माणसं खरंच वाढली. मावशींच्या पंगतीत तिथल्या पंपावरचा माणूसही यायला लागला. हा त्यांच्याच तालुक्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. मावशी त्याला भाऊ म्हणायच्या, मग आम्हीही भाऊच म्हणायला लागलो. बोअरची मोटर चालू करणं, टाकी भरणं, बंद करणं, हे त्याचं काम. पहिल्याच उन्हाळ्यात, होळी गेल्यावर थोड्या दिवसांत, एका सकाळी मावशींची बादली खडखडत वर आली. तळाशी लाल गाळ.

आम्हाला आधी वाटलं, पाऊस कमी झाला असेल. मग म्हटलं, विहीर गाळानं भरली असेल. चाळमालकानं माणसं लावून गाळ काढला, तळात आणखी थोडं खणलं. पाणी आलं, आठवडा टिकलं, गेलं. भाऊ एक दिवस जेवता जेवता खाली मान घालून म्हणाला, "मावशी, केसिंगचा पाइप वीस फुटांवरच थांबवलाय त्यांनी. पाइप वाचवला. खाली उघडंच. तुमच्या विहिरीचं वरवरचं पाणी आमच्या बोअरमध्ये उतरतं."

"मग सांग ना त्यांले," मावशी म्हणाल्या.

"मी कोण सांगणारा?"

खरंच, तो कोण? आणि आम्ही तरी कोण?

चाळीच्या कोपऱ्यावर सरकारी डंकी होती, म्हणजे हातपंप. इकडे सगळे डंकीच म्हणतात. आता सगळी चाळ आणि आजूबाजूचे पाडे तिच्यावर. मावशी पहाटे रांगेत हंडे लावायच्या, पण खानावळीला डंकी पुरते होय? दांडा मारून मारून त्यांचा खांदा गेला. मी शाळेतून आल्यावर दोन हंडे आणून द्यायची. आमच्याबरोबर रांगेत वारली बायका होत्या, त्या लांबून यायच्या आणि आमच्या पिंपांकडे बघून कपाळाला आठ्या घालायच्या. बरोबरच होतं त्यांचं. एका मोठ्या तोंडानं आमचं पाणी घेतलं, म्हणून आम्ही छोट्या तोंडांचं घेत होतो.

चाळमालकाला मी गाठलं. तो म्हणाला, "बेन, मीही बोअर मारतो." मारला. त्यांच्यापेक्षा खोल. लागलं अर्धा इंची पाणी. दोन महिने चाललं. मग कारखान्यानं आपली मोटर आणखी खाली सोडली आणि शेवटच्या कोपऱ्यात दुसरा बोअर मारला. आमचा फुसफुस करून थांबला. बळी तो कान पिळी. ज्याच्याकडे पैसे, त्याचा पाइप खोल. वरच्यानं तोंड कोरडं करून बसायचं.

घरी माझं ह्यांच्याशी वाजलं. त्या मोटरला कनेक्शन देणारं खातं ह्यांचंच. "तुम्ही सगळं बघता, तार बघता, मीटर बघता, पाणी कुठून येणार ते नाही बघत?"

हे जेवताना हात थांबवून म्हणाले, "आम्ही लोड विचारतो. हॉर्सपॉवर विचारतो. पाणी आमच्या कागदावर नाही."

"मग कोणाच्या कागदावर आहे?"

"कोणाच्याच नाही, असं वाटतं."

तेव्हा मी रागावून उठले. आता वाटतं, त्या सगळ्या वर्षांत कोणी मला दिलेलं सर्वांत नेमकं उत्तर तेच होतं.

कारखान्याच्या मॅनेजरकडे आम्ही सात-आठ बायका गेलो. मला वाटलं होतं हाकलून देतील. तर त्यानं खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. फाइल काढून एकेक परवानगी दाखवली. जमीन बिनशेती केल्याची, बांधकामाची, विजेची, सांडपाण्याची. हिंदीतच बोलायचा, "बहनजी, सब है."

"पाण्याची?" मी विचारलं.

तो खरंच बुचकळ्यात पडला. "पानी की तो किसीने माँगी ही नहीं।" मग थोडा विचार करून म्हणाला, गेटच्या बाहेर एक नळ काढून देतो, संध्याकाळी तासभर सोडू.

मावशींनी त्याला हात जोडले. मी जोडले नाहीत. आपलंच पाणी भीक म्हणून घेताना माझे हात वर जाईनात. पण नळ आला, आणि भरायला मीही गेलेच, खोटं कशाला बोलू? चार महिने बरे गेले. मग कधी वीज नाही, कधी ऑर्डर मोठी आहे, कधी वॉचमन नवा आहे. नळाला वेळ राहिली नाही. भाऊ जेवायला बसताना नजर चुकवून सांगायचा, "आज तिन्ही पाळ्या आहेत मावशी. नळ नाही यायचा." मावशी त्याच्या ताटात भाकरी वाढायच्या. आपलेच दात नि आपलेच ओठ. कोणाला चावायचं?

त्या काळात महाराष्ट्रात एक कायदा झाला. माझ्या भावानं डहाणूहून वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कलेक्टरच्या परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येणार नाही. मी वाचलं आणि अक्षरशः उड्या मारल्या. चाळीत वाचून दाखवलं. काका एका हातानं मांडी थोपटून म्हणाले, "पाचशे मीटर! अरे, इथं पाचशे पावलंसुद्धा नाहीत." त्या संध्याकाळी चाळीत शिरा झाला. आमच्यात कोणी धुळ्याचं, कोणी जळगावचं, मी डहाणूची. सगळी मराठी बोलणारी, मराठी पेपर वाचणारी माणसं. कायदा मराठीत छापून आला म्हणजे तो आपला, असंच आम्ही धरून चाललो. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण कुठे उभे आहोत.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते ते रत्नागिरीकडचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि स्वभावानं सज्जन. कात्रण त्यांनी पूर्ण वाचलं. घडी घालून माझ्याकडे परत दिलं.

"बाई, हा महाराष्ट्राचा कायदा."

"हो ना!"

"आणि हे दादरा नगर हवेली."

मी कात्रणाची घडी पुन्हा उघडून बघितली. माझ्या मागे मावशी आणि काका उभे होते. मावशींनी विचारलं, "म्हणजे काय वं बाई?"

"म्हणजे हद्दीच्या पलीकडे तुमची विहीर असती तर गोष्ट वेगळी," कारकून त्यांना समजावून म्हणाले. "आपला हा केंद्रशासित प्रदेश. इथे विधानसभा नाही. महाराष्ट्राचा कायदा इथे लागत नाही, गुजरातचाही नाही. आपल्यासाठी दिल्लीनं करायचा. त्यांनी पाणी उपशाचा अजून केलेला नाही."

"मग तोपर्यंत?"

"तोपर्यंत जमीन ज्याची, त्याच्या खालचं पाणी त्याचं." मग हळूच पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू का? हा कायदा इथे असता तरी त्यात बसायला तुमची विहीर सार्वजनिक लागते. ही चाळमालकाची खासगी. उताऱ्यावर तर तिथे नुसतं भातशेत आहे, विहिरीची नोंदच नाही. तिला आधी किती पाणी होतं, कधीपासून होतं, कोण सांगणार?"

"मी सांगते ना," मावशी पुढे होऊन म्हणाल्या. दोन्ही तळहात त्यांनी कारकुनांच्या टेबलावर उताणे ठेवले. घट्टे दिसावेत म्हणून. कारकून बिचारे खाली बघायला लागले.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "इथून डोंगर ओलांडला की महाराष्ट्र. विहीर उचलून नेता आली असती तर बरं झालं असतं." हसलो आम्ही. दुसरं काय करणार?

पुढच्या होळीला कारखाना बंद राहिला. अर्धे कामगार गावी गेले होते, पाळ्या भरतच नव्हत्या. मोटर बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला हाक मारली ती अशी की मला वाटलं कोणी पडलं विहिरीत. मी धावत गेले. विहिरीत पाणी होतं! स्वच्छ, काळंभोर, आभाळ दिसण्याइतकं. मावशी बादलीवर बादली ओढत होत्या, अंगणात नुसतंच ओतत होत्या आणि रडत होत्या. "आली वं माय, आली!"

मी शाळेतली बाई ना! दोराला चिंधी बांधली, पाणी कुठवर आहे त्याची खूण केली. रोज बघायला लागले. कारखाना सुरू झाला, चिंधी कोरडी पडली. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जराशी ओली. पुन्हा कोरडी. एवढा सरळ हिशेब तर मी चौथीच्या पोरांना शिकवते. दोर गुंडाळून पिशवीत घातला आणि पुन्हा कचेरी गाठली.

कारकून या वेळी स्वतः चाळीत आले. विहिरीत वाकून बघितलं, कुंपणापर्यंत चालत गेले, मोटरचा आवाज ऐकला. परत येऊन ओसरीवर बसले. मावशींनी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "नको, नको, तुमचं पाणी नको."

"मला पटलं, बाई," म्हणाले. "पूर्ण पटलं. आता मला सांगा, मी हे कुठल्या कलमाखाली लिहू? त्यांनी पाणी घाण करून बाहेर सोडलं असतं तर कायदा आहे. मी आज अर्ज पुढे पाठवला असता. नुसतं घेतलं, त्याला नाही. बोअर मारण्याआधी कोणाला विचारायचं बंधन असतं, अंतर मोजलं असतं, पाइप किती घालायचा ते ठरवलं असतं, तुमच्या विहिरीची आणि त्यांच्या बोअरची कुठे नोंद असती, तर मी म्हणालो असतो, हे बघा, आधी ही होती, हिला धक्का लावायचा नाही. आता या भागात एकूण बोअर किती आहेत, तेही मला ठाऊक नाही. मलाच काय, कोणालाच नाही."

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही खुर्चीत बसून करता काय?" ते उठले, चप्पल घातली आणि निघाले. भल्या माणसावर ओरडून काही मिळत नाही, आपलाच घसा बसतो.

आता राहिला भाऊ. एका दुपारी जेवण झाल्यावर तो हात धुवायला उठला, बादलीत तळाला गाळाचं पाणी बघितलं, आणि तसाच खरकट्या हातानं उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या वेळी मोटर बंद राहायला लागली. त्यानं आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण पहाटे शांतता असायची आणि उजाडताना मावशींचे हंडे भरायचे. मावशींनी त्याच्या ताटात तूप वाढायला सुरुवात केली.

पंधरवडाही झाला नसेल. रंगाच्या एका लॉटला पाणी कमी पडलं, सूत डागाळलं. मॅनेजरनं चौकशी केली. भाऊला काढून टाकलं नाही, नुसतं बॉयलरवर घातलं. पंपावर नवीन स्विच बसवला, टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू. आता कोणाच्या हातात काहीच राहिलं नाही. ज्याच्या पोटात आमची भाकरी होती, त्याचाही हात बाजूला झाला.

मावशींनी टँकर घ्यायचा प्रयत्न केला. परवडेना. पंगती कमी केल्या. मग केळीच्या पानांवर वाढायला लागल्या, भांडी घासायला नकोत म्हणून. मग हात धुवायला तांब्याऐवजी पेला. जेवणारे समजूतदार होते, पण दिवसभर रंगात नि वाफेत राबून आलेल्या माणसाला तोंडावर पाणी मारावंसं वाटतं. तेवढंच मागायचे ते, आणि मावशींना "नही शे" म्हणायला लागायचं. त्या शब्दानं त्या दिवसागणिक बारीक होत गेल्या, खरं सांगते. अन्न कमी पडलं म्हणून खानावळ बंद होते असं मी ऐकलं होतं. भाकऱ्या डब्यात शिल्लक आणि खानावळ बंद, हे पहिल्यांदा बघितलं.

कारण त्याच सुमाराला कारखान्यानं आत कँटीन काढलं. नळ, बेसिन, भांडी धुवायला मोठा हौद. जेवणारे एकेक करून तिकडे गेले. मी चिडले तर मावशीच मला म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, त्यांलेबी हात धुवाले लागतस."

आणि मग कँटीनला स्वयंपाकीण हवी होती. खानदेशी हाताची. भाऊनंच मॅनेजरला नाव सुचवलं. मावशी महिन्याच्या पगारावर लागल्या. त्या दिवशी त्यांनी दोन्ही खोल्यांतल्या मोठ्या चुली मोडल्या. काका ओसरीवर रिकाम्या हातानं बसून राहिले. चिरायला वांगी नव्हती.

मावशी मला सांगायच्या, "आत रगड पानी शे वं बाई. नळ सोडा, येतच राहतं, येतच राहतं. तांदूळ धुताना मना हात थांबतो. वाटतं, हे सगळं आपल्या अंगणातून येतंय आणि मी इथं पगारानं ते वापरते."

पुढे एकदा कारकून मला बाजारात भेटले, निवृत्तीला आले होते. स्वतःहून थांबले. म्हणाले, सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणून दिल्लीत भूजलासाठी एक प्राधिकरण नेमलंय, आता हळूहळू नियम येतील. "आपला भाग?" मी विचारलं. "अजून त्यात नाही," ते म्हणाले.

त्याच वर्षी मे महिन्यात आमची डंकीही बसली, म्हणजे बंद पडली. तीन दिवस. कारखान्याच्या गेटबाहेरचा नळ तर केव्हाच काढून टाकला होता. काकांना ताप होता, घरात प्यायला पाणी नव्हतं. शाळेला सुट्टी होती म्हणून मी मावशींना घ्यायला संध्याकाळी गेटवर गेले. पाळी सुटली, माणसं बाहेर पडली, त्यांच्यामागून मावशी आल्या. हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, भरलेला, वर पदर टाकलेला.

वॉचमननं पदर बाजूला केला. "ये क्या है?"

"पानी शे, पोरा. घरी बिमार शे."

तो वाईट माणूस नव्हता. पोरगेलासाच होता, बिहारकडचा, गेल्याच महिन्यात लागलेला. त्यानं कॅन उचलून हलवून बघितला, झाकण उघडून वास घेतला, मग टेबलावरच्या सूचनेकडे बोट केलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, परमिशन लाना पड़ेगा. बिना परमिशन पानी बाहर नहीं जाता."

मी पुढे झाले. आयुष्यभर भांडत आलेली बाई मी, पण इथे भांडायचं कोणाशी, या पोराशी? मावशींनी कॅन त्याच्या हातातून परत घेतला, गेटच्या आतल्या बाजूच्या हौदाशी गेल्या आणि त्यात तो पूर्ण ओतला. शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरून उभ्या राहिल्या. मग रिकामा कॅन घेऊन बाहेर आल्या आणि आम्ही दोघी कुंपणाच्या कडेकडेनं घरी चालत गेलो. पलीकडे मोटर चालू होती.